ब्रेड बाहेरून लाल, आतून कच्चा: असं का होतं आणि कसं टाळायचं?



पुणतांब्याच्या गटांच्या बैठकांना गेलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. ज्यांच्या घरी ओटीजी आहे, म्हणजे छोटी विजेची भट्टी, त्या विचारतात, "केक जमतो, नानकटाई जमते, मग ब्रेडच का बिघडतो? वरून मस्त लाल होतो आणि कापला की आत चिकट." एका गटातल्या ताईंनी तर मुलांच्या डब्यासाठी शेजारणींकडून चार ब्रेडची ऑर्डर घेतली होती. चारही दिसायला छान होते, पण चारही आतून ओले निघाले आणि पैसे परत द्यावे लागले. म्हणून या अंकात साध्या ब्रेडबद्दलच लिहिते आहे. त्यातही तीन गोष्टी नीट समजून घेऊ: आच, वाफ आणि आतून शिजलंय की नाही ते ओळखणं.

आधी साहित्य आणि कणीक

आठ इंच लांब आणि चार इंच रुंद अशा एका टीनसाठी हे माप आहे:

- मैदा ३५० ग्रॅम
- पाणी साधारण २१५ मिली
- इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (सव्वा चमचा, सपाट)
- मीठ ६ ग्रॅम (एक चमचा, सपाट)
- साखर १५ ग्रॅम
- तेल २० मिली

चमचा म्हणजे मापाचा छोटा चमचा, आपला पोह्यांचा नाही. शक्य असेल तर सगळं वजनकाट्यावरच मोजा. मैदा वाटीने मोजला की दाबून भरला तर जास्त येतो, सैल भरला तर कमी येतो. मग पाण्याचा हिशोब चुकतो.

घरच्या गव्हाचं पीठ घालायचं असेल तर पहिल्यांदा ३५० पैकी फक्त ८० ते ९० ग्रॅम घाला. चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून पाणी दोन-तीन चमचे वाढवावं लागतं. कोंड्यामुळे ब्रेड थोडा कमी फुलतो, ते चालायचंच.

सगळं एकत्र करून दहा-बारा मिनिटं चांगलं तिंबा. पोळीच्या कणकेपेक्षा ही सैल असते आणि सुरुवातीला हाताला चिकटते. तेवढ्यासाठी वरून मैदा घालत बसू नका. मळत राहिलं की पाच-सहा मिनिटांनी ती आपोआप सुटायला लागते. छोटा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी हळूच ताणा. न फाटता पातळ पडदा झाला तर कणीक तयार आहे. हा पडदाच पुढे हवा धरून ठेवतो.

आता झाकून फुगायला ठेवा. किती वेळ ठेवायचं हे घड्याळापेक्षा हवेवर आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे ३५-४० मिनिटांत कणीक दुप्पट होते. डिसेंबरच्या सकाळी त्याच कणकेला दीड-दोन तास लागतात. उन्हाळ्यात टाकीच्या नळाचं पाणी तापलेलं असतं, म्हणून माठातलं पाणी घ्या. थंडीत कोमट घ्या, पण हाताला गरम लागेल असं नको, कारण खूप गरम पाण्यात यीस्ट मरतं.

दुप्पट झाली की हवा दाबून काढा, आयताकृती थापा, घट्ट गुंडाळी करा आणि जोड खाली येईल अशी तेल लावलेल्या टीनमध्ये ठेवा. ती पुन्हा फुगून काठाच्या थोडी वर आली की भट्टीत जायला तयार. बोटाला मैदा लावून हलकेच दाबून बघा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. हळूहळू भरला तर हीच वेळ. भरलाच नाही तर जास्त फुगलीय, मग एक मिनिटही न थांबता भट्टीत घाला.

आच: बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता

ब्रेडला सुरुवातीला जोरात आच लागते आणि नंतर मध्यम. सुरुवातीच्या जोराने आतली हवा आणि वाफ फुगून ब्रेड वर येतो. नंतरच्या मध्यम आचेत उष्णता मधोमध पोचते आणि वरचं जळत नाही. आपल्या मापाच्या ब्रेडला पहिली १५ मिनिटं २०० अंश आणि पुढची साधारण २० मिनिटं १८० अंश पुरतात. दार उघडलं की भट्टी एकदम गार होते, म्हणून ब्रेड ठेवण्याआधी ती २२० अंशांवर तापवून घ्या. ब्रेड आत गेला की बटण २०० वर आणा.

तापवताना एक गोष्ट बहुतेक जणींची चुकते. बऱ्याच ओटीजीमध्ये ठरलेली उष्णता आली की दिवा विझतो. तेव्हा आतली हवा तापलेली असते, पण पत्रा आणि जाळी अजून तापलेली नसते. तवा तापण्याआधी पहिली भाकरी टाकली तर ती चिकटते, तसंच इथे आहे. दिवा विझल्यावर आणखी दहा मिनिटं थांबा. वरच्या आणि खालच्या दोन्ही सळया चालू ठेवा. टीन ठेवायची जाळी खालच्या खाचेत लावा, म्हणजे ब्रेडचा माथा वरच्या सळयांपासून लांब राहील.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. बटणावर २०० लिहिलंय म्हणजे आत २०० असेलच असं नाही. छोट्या ओटीजीमध्ये वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज असतो. त्यासाठी भट्टीत टांगायचा छोटा थर्मामीटर मिळतो. तो मधल्या जाळीवर ठेवा, बटण २०० वर लावा आणि अर्ध्या तासाने काचेतून आकडा वाचा. जो फरक येईल तो कागदावर लिहून भट्टीवरच चिकटवून टाका.

आता त्या चार ब्रेडचं बघू. त्या ताईंनी नंतर त्याच मापाचे दोन ब्रेड करून पाहिले. पहिला आधीसारखाच केला: बटण २२० वर आणि ब्रेड लाल झाला की बाहेर. वीस मिनिटांत तो गडद तांबूस झाला. मधोमध सुईचा थर्मामीटर खुपसला तर आकडा आला ८४ अंश. कापल्यावर सुरीला लगदा चिकटला आणि तळाशी ओलसर, दाट पट्टा दिसला. मग रिकामी भट्टी तपासली, तेव्हा बटण २०० वर असताना आत खरे २२५ अंश होते. म्हणजे त्या २२० समजत होत्या तेव्हा ब्रेड २४५ च्या आसपास भाजला जात होता. बाहेरचं वेळेआधी लाल होत होतं आणि रंग बघून तो काढला जात होता.

दुसऱ्या ब्रेडला त्यांनी पंचवीस अंश वजा करून बटण लावलं: २०० साठी १७५ आणि १८० साठी १५५. तो ३६ मिनिटांनी काढला. आतला आकडा ९५ आला, रंग सोनेरी तांबूस होता आणि कापल्यावर सुरी कोरडी निघाली. कणीक तीच, टीन तोच, भट्टीही तीच.

रंग फक्त बाहेरची गोष्ट सांगतो. साखर, तेल किंवा दूध जास्त घातलं तर रंग आणखी लवकर येतो. पंचवीस मिनिटांतच माथा गडद व्हायला लागला तर वर फॉइलचा सैल तुकडा टाका आणि उरलेला वेळ पूर्ण करा. आच वाढवून वेळ वाचवता येत नाही.

वाफ: भाकरीवर पाणी का लावतो?

वाफेचं काम समजायला आपली भाकरीच बघा. तव्यावर टाकल्यावर आपण वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतो. तो फिरवला नाही तर वरची बाजू वाळते, तिला भेगा पडतात आणि भाकरी नीट फुगत नाही. ब्रेडचंही असंच आहे. भट्टीत गेल्यावर पहिली दहा-बारा मिनिटं तो आतून फुगत असतो. या वेळात त्याची वरची त्वचा ओली आणि लवचीक राहिली पाहिजे. कोरड्या हवेत ती आधीच वाळून कडक होते, आतला जोर कुठूनतरी वाट काढतो आणि ब्रेड बाजूने फाटतो. किंवा फुगायचाच थांबतो आणि दाट होतो.

भट्टीत वाफ असली की ती गार कणकेवर पाण्याच्या बारीक थरासारखी बसते. त्याने त्वचा लवचीक राहते आणि वरचा स्टार्च खळीसारखा शिजतो. नंतर तो वाळला की पातळ, किंचित चमकदार कवच तयार होतं.

तुम्ही म्हणाल, बेकरीवाले कुठे पाणी घालतात? गोव्यातल्या पोदेरांच्या लाकडाच्या भट्टीत किंवा आपल्याकडच्या पाववाल्यांच्या विटांच्या भट्टीत एका वेळी खूप पाव जातात आणि दार बंद होतं. एवढ्या कणकेतून निघणारी वाफ आतच कोंडून राहते. आपल्या ओटीजीमध्ये एकच ब्रेड असतो आणि दाराच्या फटींतून वाफ निसटते. म्हणून आपल्याला सोय करावी लागते.

सगळ्यात सोपी सोय म्हणजे झाकण. त्याच मापाचा दुसरा टीन ब्रेडच्या टीनवर उपडा ठेवा. दुसरा टीन नसेल तर फॉइलचा उंच तंबू करा. तो कणकेला टेकता कामा नये आणि काठाला घट्ट बसला पाहिजे. कणकेतून निघणारी वाफ आतच राहते, वेगळं पाणी लागत नाही. पंधरा मिनिटांनी झाकण काढा. काढताना चेहरा लांब ठेवा आणि जाड हातमोजे घाला. त्या वाफेने हात भाजतो, तवा भाजण्यापेक्षा जास्त.

दुसरी पद्धत पाण्याच्या ताटलीची. भट्टी तापवतानाच खालच्या ट्रेवर एक छोटी स्टीलची ताटली ठेवा. ब्रेड आत ठेवल्यावर तिच्यात अर्धी वाटी उकळतं पाणी ओता आणि दार लगेच बंद करा. ओतण्याआधी भट्टीचं बटण आणि भिंतीवरचा स्विच दोन्ही बंद करा. पाण्याचा थेंब तापलेल्या काचेवर पडला तर काच तडकू शकते. सळईवर पडला तर सळई खराब होऊ शकते. म्हणून लहान मुलं आसपास असतील तेव्हा झाकणाचीच पद्धत वापरा.

कोणतीही पद्धत घ्या, पंधरा मिनिटांनंतर वाफ नको. ताटलीत पाणी उरलं असेल तर ती बाहेर काढा. शेवटपर्यंत वाफ राहिली तर ब्रेड पांढरट राहतो, कवच चामड्यासारखं होतं आणि आतलं पाणी बाहेर पडत नाही.

आतून झालंय हे कसं ओळखायचं?

केकला आपण काडी टोचून बघतो. ब्रेडला ती पद्धत भरवशाची नाही. ब्रेडमध्ये जाळी असते, म्हणून आत चिकट असतानाही काडी कोरडी येऊ शकते. त्याऐवजी तीन खुणा बघा.

पहिली खूण आवाजाची. ब्रेड टीनमधून काढून उलटा करा आणि तळाला बोटाने टकटक करा. रिकाम्या डब्यासारखा पोकळ आवाज आला तर बहुतेक झालंय. बदबद आवाज आला तर आत अजून ओल आहे. तळ आणि बाजू पांढऱ्या असतील, दाबल्यावर बाजू आत जात असतील, तरीही नाही झालेलं. मग टीन न लावता नुसता ब्रेड जाळीवर ठेवून १८० वर आणखी पाच-सात मिनिटं भाजा.

दुसरी खूण थर्मामीटरची, आणि ही सगळ्यात खात्रीची. स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो ४२-४३ अंशांपुढे जातच नाही आणि फुटतो. सुई ब्रेडच्या बाजूने मधोमध जाईल अशी खुपसा, ती टीनला टेकू देऊ नका. ९४ ते ९६ अंश आले की ब्रेड झाला. ९० च्या खाली असेल तर पुन्हा आत ठेवा.

थर्मामीटर बरोबर आहे का, हेही घरीच तपासता येतं. खळखळ उकळत्या पाण्यात सुई धरा. समुद्रकिनाऱ्यावर पाणी १०० अंशांना उकळतं. आपलं पुणतांबा समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचावर आहे, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. तुमचा थर्मामीटर ९८ च्या आसपास दाखवत असेल तर तो ठीक आहे. ९४ दाखवत असेल तर तो चार अंश कमी दाखवतोय, तेवढे मिळवून वाचा. ब्रेडच्या आतही पाणीच असल्यामुळे आतला आकडा ९८ च्या वर जात नाही. म्हणून "१०० झालं की काढू" असं ठरवलं तर तो क्षण येणारच नाही, ब्रेड मात्र वाळून जाईल.

तिसरी खूण वजनाची. ज्या ताई नेहमी एकाच मापाने करतात त्यांना ही फार उपयोगी आहे. टीनमध्ये कणीक घालताना तिचं वजन करा. आपल्या मापाने ती साधारण ६०० ग्रॅम भरते. नीट भाजलेल्या ब्रेडचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतं, म्हणजे ५४० ग्रॅमच्या जवळ. वर सांगितलेला दुसरा ब्रेड ५४२ ग्रॅम भरला होता. पहिला, कच्चा राहिलेला, ५६५ भरला होता. ते वरचे तेवीस ग्रॅम म्हणजे बाहेर न पडलेलं पाणी, तोच सुरीला लागलेला लगदा.

काढल्यावरची घाई

ब्रेड काढला की लगेच टीनमधून बाहेर घ्या आणि जाळीवर ठेवा. टीनमध्येच राहिला तर घाम सुटून तळ ओला होतो. गरम ब्रेड कापू नका. आतला स्टार्च गार होताना घट्ट होतो. त्याआधी कापलं तर नीट भाजलेला ब्रेडही चिकट वाटतो आणि आपल्याला वाटतं कच्चाच राहिला. किमान दीड तास थांबा, उन्हाळ्यात दोन तास.

पिशवीतही पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट ब्रेड बंद केला की आत पाणी सुटतं आणि बुरशी लवकर धरते. उन्हाळ्यात आणखी एक त्रास होतो. पिठातल्या काही जीवाणूंचे बीजाणू भाजल्यावरही मरत नाहीत. ओला राहिलेला ब्रेड गरम जागी ठेवला तर ते वाढतात. मग ब्रेडला अति पिकलेल्या फळासारखा वास येतो आणि आतला भाग तोडल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तार सुटते. असा ब्रेड भाजून, तळून कसाही खाऊ नका, जनावरांनाही घालू नका, फेकून द्या. ओटा, टीन आणि सुरी व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्या. मार्च ते जूनमध्ये कणकेतच एक छोटा चमचा व्हिनेगर घातलं तर हा त्रास बराच कमी होतो आणि चवीत फरक कळत नाही.

वीज गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न आहेच. ओटीजी बहुतेक १५०० वॅटच्या आसपासचा असतो. तो जाड पिनेच्या, म्हणजे १५-१६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेन्शन बोर्डला लावला तर वायर तापते. तापवण्यापासून ब्रेड निघेपर्यंत साधारण एक युनिट वीज लागते. एका तापण्यात दोन टीन बसत असतील तर दोन एकदम लावा. मात्र दोघांमध्ये दोन बोटं जागा सोडा आणि वेळ चार-पाच मिनिटं वाढवा.

कणीक टीनमध्ये तयार आहे आणि वीज नाही, तर टीन थंड पाण्याच्या परातीत ठेवा. फुगणं मंदावतं. तरीही ती काठाच्या बरीच वर आली तर बाहेर काढून हवा दाबा आणि पुन्हा गुंडाळी करून ठेवा. एकदा असं केलं तर चालतं.

भाजता भाजता वीज गेली तर दार उघडू नका. दहा मिनिटांत परत आली तर तेवढीच मिनिटं वाढवा. जास्त वेळ गेला तर वेळेचा हिशोब सोडून द्या आणि शेवटी थर्मामीटरवरच विश्वास ठेवा. पहिल्या पंधरा मिनिटांत बराच वेळ वीज गेली तर तो ब्रेड मधे बसतो. आकडा ९४ आला तर घरी टोस्ट करून खाता येईल, पण ऑर्डरमध्ये देऊ नका.

वहीत लिहायच्या पाच गोष्टी

गटाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येक ब्रेडसाठी एक ओळ लिहा: कणकेचं वजन, बटणावरचा आकडा, एकूण मिनिटं, आतला आकडा, भाजल्यावरचं वजन. पाच-सहा ब्रेड झाले की तुमच्याच भट्टीचं माप तुमच्या हातात येईल. शेजारणीच्या भट्टीचं माप तुम्हाला लागू होणार नाही. ऑर्डर घ्यायची असेल तर आधी सलग तीन ब्रेड ९४ च्या वर आणि सारख्याच वजनाचे निघू द्या. विक्री नेहमीची होणार असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी करून घ्या.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यांनी करून पाहिला त्यांनी ती वही आणि ब्रेडचा एक मधला काप सोबत आणा. काप बघून आणि वही वाचून कुठे काय बदलायचं ते आपण एकत्र बसून ठरवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक